तापाचा तक्ता हाताने काढा आणि वाचा: पायऱ्यांनी चढणारा ताप आणि झुलता ताप

वॉर्डात नव्याने आलेल्या नर्सिंगच्या मुलामुलींना तापाचा तक्ता भरायला शिकवतात, पण वाचायला फारसं कोणी शिकवत नाही. राउंडला डॉक्टर तक्ता उचलतात, क्षणभर बघतात आणि म्हणतात, "स्टेप-लॅडर दिसतोय, ब्लड कल्चर पाठवा," किंवा "हा स्विंग होतोय, सोनोग्राफी करून घ्या." शेजारी उभ्या असलेल्या नव्या सिस्टरला मात्र नुसती वरखाली जाणारी रेघ दिसते. मी बरीच वर्षं वॉर्डात हे तक्ते काढते आहे. हा लेख त्या नव्या सिस्टरसाठी आहे, आणि घरात तापाचं माणूस असताना वहीत नोंदी ठेवणाऱ्यांसाठीही आहे.

सगळे प्रकार इथे घेत नाही. दोनच घेते: पायऱ्यांनी चढणारा ताप, म्हणजे स्टेप-लॅडर, आणि झुलता ताप, म्हणजे स्विंगिंग. हे दोन नीट ओळखता आले की बाकीचे तक्ते वाचणं सोपं जातं. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. तक्त्यावरून निदान होत नाही. कुठे शोधायचं एवढंच तक्ता दाखवतो, निदान तपासण्यांवरून डॉक्टर करतात.

१. जवळ काय ठेवायचं

- मिलिमीटरचा आलेख कागद, ए-फोर आकाराचा, आडवा धरून
- एकच थर्मामीटर, रुग्ण बरा होईपर्यंत तोच
- सेकंद काटा असलेलं घड्याळ
- निळं पेन तापासाठी, लाल पेन नाडीसाठी, आणि एक हिरवी पेन्सिल (ती कशाला, ते पुढे येईल)
- फूटपट्टी
- रुग्णाचा औषधांचा कागद. घरी असाल तर गोळ्यांची पाकिटं आणि डॉक्टरांची चिठ्ठी

रुग्णालयाचा छापील टीपीआर चार्ट असेल तर तोच वापरा, रंगही तिथल्या रिवाजाप्रमाणे घ्या. कागदावर आखायची वेळ घरी किंवा छापील फॉर्म संपल्यावर येते.

२. कागद आखणे

उभ्या अक्षावर एक अंश फॅरनहाइटला एक सेंटीमीटर द्या आणि ९५ पासून १०६ पर्यंत आखा. म्हणजे आलेख कागदाचं एक बारीक घर ०.१ अंशाचं होतं आणि थर्मामीटरवर दिसेल तो आकडा तसाच्या तसा मांडता येतो. आडव्या अक्षावर एका दिवसाला तीन सेंटीमीटर द्या. दर चार तासांची एक अशा सहा नोंदी त्यात अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरवर बसतात आणि पूर्ण आठवडा २१ सेंटीमीटरमध्ये मावतो.

हे प्रमाण मध्येच बदलू नका. जागा वाचवायला दोन अंश एका सेंटीमीटरमध्ये कोंबले की पायऱ्या सपाट दिसतात. उलट एका अंशाला तीन सेंटीमीटर दिले तर रोजचा साधा चढउतारही भयंकर झोका वाटतो. ९८.६ वर एक ठळक आडवी रेघ मारून ठेवा.

उजव्या कडेला नाडीचे आकडे लिहा. ९८ अंशांच्या बरोबर समोर ८० लिहा आणि वरच्या दर सेंटीमीटरला १० ठोके वाढवत जा. असं केलं की १०४ च्या समोर १४० येतात. ताप एक अंश फॅरनहाइटने वाढला की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते, असा ढोबळ हिशेब आहे. त्यामुळे या मांडणीत लाल रेघ निळ्या रेघेच्या बरोबरीने चढायला हवी. ती मागे राहिली तर नुसत्या नजरेला कळतं.

३. मोजण्याची वेळ आणि जागा ठरवून टाका

सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० आणि पहाटे २ या वेळा चालतील. घरी पहाटे दोनला उठवणं जमत नसेल तर ती नोंद सोडा, पण सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ कधीही चुकवू नका. निरोगी माणसाचं तापमानसुद्धा पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सर्वांत जास्त असतं, त्यात सहज अर्ध्या ते एक अंशाचा फरक पडतो. आज सकाळी आठला आणि उद्या संध्याकाळी पाचला मोजलंत तर नसलेली चढण कागदावर उमटेल.

जागाही एकच. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश कमी येतं. दिवसपाळीची सिस्टर तोंडात लावते आणि रात्रपाळीची काखेत, असं झालं की रोज संध्याकाळी ताप चढतो आणि रात्री उतरतो असा देखणा तक्ता तयार होतो, आणि तो सपशेल खोटा असतो. म्हणून तक्त्याच्या डोक्यावर "काख" किंवा "तोंड" असं मोठ्या अक्षरात लिहा. काखेतल्या आकड्यात मनाने एक अंश मिळवून लिहू नका, दिसला तोच लिहा. काख आधी पुसून घ्या, कारण घामाने भिजलेल्या काखेत आकडा कमी येतो. तोंडात मोजणार असाल तर चहा किंवा पाणी प्यायल्यावर वीसेक मिनिटं थांबा.

थंडी वाजत असताना एक वेगळी काळजी घ्यावी लागते. रुग्ण हुडहुडला आहे, दात वाजताहेत, दोन ब्लँकेटं अंगावर आहेत आणि काखेत भरतं ९९.६. नवी सिस्टर लिहिते ९९.६ आणि पुढच्या बेडवर जाते. त्या वेळी शरीर कातडीकडचा रक्तपुरवठा आवळून आतली उष्णता वाढवत असतं, म्हणून कातडी थंड लागते. हुडहुडी थांबल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, १०३ मिळेल. दोन्ही बिंदू मांडा आणि पहिल्यावर "थं" लिहा. घाम फुटला तर तिथे "घा". ही दोन अक्षरं पुढे फार कामाला येतात.

४. गोळीचा बाण

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. तापाची प्रत्येक गोळी, इंजेक्शन किंवा सलाईनमधून दिलेलं पॅरासिटामॉल तक्त्यावर त्या वेळेला खालच्या दिशेचा बाण काढून नोंदवा. गोळीचा परिणाम अर्ध्या ते एका तासात सुरू होतो, दोन-तीन तासांत सर्वांत जास्त असतो आणि चार ते सहा तासांनी ओसरतो. बाण नसलेल्या तक्त्यावर कोणता उतार रोगाचा आणि कोणता गोळीचा, हे कोणीही सांगू शकणार नाही. गोळी नेहमी तापमान मोजून झाल्यावर द्या, म्हणजे निदान शिखर तरी खरं सापडतं.

तक्ता शुद्ध राहावा म्हणून रुग्णाची गोळी अडवून ठेवायची नाही. कधी द्यायची आणि कधी थांबायचं हे डॉक्टर ठरवतील. आपलं काम बाण काढण्याचं.

५. दोन हिरव्या रेषा

आता ती हिरवी पेन्सिल. सकाळी ६ ते पुढची पहाट असा एक दिवस धरा आणि त्यातला सर्वांत वरचा व सर्वांत खालचा बिंदू गोल करा. तीन दिवसांचे गोल झाले की वरचे गोल फूटपट्टीने जोडा. ही शिखररेषा. मग खालचे गोल जोडा. ही तळरेषा. निळी वेडीवाकडी रेघ आता विसरून जा आणि या दोनच रेषांकडे बघा.

दोन्ही रेषा मिळून वर चढताहेत, मधलं अंतर फारसं बदलत नाही: पायऱ्यांचा ताप.
शिखररेषा उंचावर, तळरेषा ९८.६ च्या आसपास किंवा त्याखाली, मधे मोठी दरी: झुलता ताप.
दोन्ही रेषा उंचावर आणि जवळजवळ: चढून राहिलेला ताप.

तीन दिवसांच्या आत नाव देऊ नका. दोन बिंदूंमधून कोणतीही रेषा जाते.

६. पायऱ्यांचा ताप: एक तक्ता उलगडून

कॉलेजात शिकणारा एक तरुण घ्या. आधी कणकण, डोकेदुखी, तोंडाला चव नाही, पोट साफ नाही. घरच्यांनी पहिल्या दिवसापासून वहीत तोंडातलं तापमान लिहिलं आहे, गोळ्या फारशा दिलेल्या नाहीत.

| दिवस | सकाळी ६ | संध्याकाळी ६ |
|---|---|---|
| १ | ९८.८ | १००.० |
| २ | ९९.४ | १०१.२ |
| ३ | १००.२ | १०२.२ |
| ४ | १०१.० | १०३.० |
| ५ | १०२.० | १०३.८ |
| ६ | १०२.६ | १०४.० |
| ७ | १०२.८ | १०४.० |

रोज सकाळी ताप थोडा उतरतो, घरच्यांना हायसं वाटतं. पण तळरेषा बघा. तिसऱ्या दिवसाची सकाळ दुसऱ्या दिवसाच्या सकाळपेक्षा वर आहे, चौथ्याची तिसऱ्यापेक्षा वर. उतरलेला ताप आदल्या दिवशीच्या तळापर्यंत जातच नाही, आणि संध्याकाळी आदल्या शिखराच्या वर पोहोचतो. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर पायऱ्या संपतात आणि रेघ १०३-१०४ च्या माळावर सपाट चालू लागते.

ही टायफॉइडची, आपल्याकडच्या मुदतीच्या तापाची, पाठ्यपुस्तकातली चाल. लायपझिगचे डॉक्टर वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांची तापमानं नियमित मोजून १८६८ मध्ये आपला ग्रंथ छापला, तेव्हापासून ही चाल वैद्यकात शिकवली जाते. पहिल्याच दिवशी ताप एकदम १०४ वर गेला तर टायफॉइडची शक्यता कमी, हा जुना नियम त्याच काळातला. तो वापरताना एक जपा. रुग्ण ज्याला पहिला दिवस म्हणतो तो बऱ्याचदा पहिला नसतो. दोन दिवस अंग मोडून येत होतं, पण कामावर गेलो, असं विचारल्यावर कळतं. ते दिवस तक्त्यावर मोकळे सोडा आणि "मोजलं नाही" असं लिहा.

आता लाल रेघ. या मुलाला १०४ ताप असताना नाडी ८८ आहे. आपल्या मांडणीत ८८ चा बिंदू ९८.८ च्या उंचीवर पडतो, म्हणजे निळी रेघ वर आणि लाल रेघ पार खाली. तापाच्या मानाने मंद नाडी टायफॉइडमध्ये दिसू शकते. ती प्रत्येकात नसते आणि इतर काही आजारांतही असते, पण पायऱ्यांच्या जोडीला दिसली तर राउंडला आवर्जून दाखवा.

मर्यादा सांगितली पाहिजे. पूर्ण पायऱ्यांचा तक्ता आज क्वचित मिळतो. बहुतेक लोक तिसऱ्या दिवसापर्यंत गोळ्या आणि अँटिबायोटिक घेऊन मोकळे होतात आणि पाचव्या-सहाव्या दिवशी वॉर्डात येतात. तोवर पायऱ्या निघून गेलेल्या असतात, आपल्याला फक्त माळ दिसतो. म्हणून घरची वही, मोबाइलमधल्या नोंदी, जे असेल ते मागून घ्या आणि तक्त्याच्या डाव्या बाजूला मांडा. पायऱ्या नाहीत म्हणून टायफॉइड नाही, असं कधीच म्हणू नका. आणि पायऱ्या दिसल्या तरी खरी खात्री ब्लड कल्चरने होते. पहिल्या आठवड्यात कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता जास्त असते, शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. विडाल पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते आणि पॉझिटिव्ह आली तरी एकट्या तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

उपचार सुरू झाल्यावरही तक्ता चालू ठेवा. टायफॉइडचा ताप योग्य औषधावरही उतरायला बरेचदा चार ते सहा दिवस घेतो, आणि तोही हळूहळू, दोन्ही रेषा मिळून खाली येत. दुसऱ्याच दिवशी नातेवाईक विचारतात, "सिस्टर, औषध लागू पडत नाही का?" त्यांना शिखररेषा दाखवा. कालचं शिखर १०४, आजचं १०३.४ असेल तर रेषा वळली आहे.

धोक्याची खूण याच तक्त्यावर असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निळी रेघ अचानक कोसळली आणि लाल रेघ त्याच वेळी वर उसळली, दोघींची फुली झाली, तर ताप उतरला म्हणून आनंद मानू नका. आतड्यातून रक्तस्राव होत असेल किंवा आतड्याला भोक पडलं असेल. पोट दुखतंय का, कडक लागतंय का, शौच काळं आहे का ते बघा, बीपी घ्या आणि त्याच मिनिटाला डॉक्टरांना बोलवा.

७. झुलता ताप: दुसरा तक्ता

दुसरा रुग्ण चाळिशीतला. उजव्या बरगडीखाली दुखतं, खोल श्वास घेतला की जास्त, कधी कधी उजव्या खांद्यातही. भूक गेली आहे. दर चार तासांच्या नोंदी अशा:

| दिवस | स. ६ | स. १० | दु. २ | सं. ६ | रा. १० | प. २ |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | ९८.४ | ९८.८ | १००.६ | १०३.४ (थं) | १०१.८ | ९९.२ (घा) |
| २ | ९७.८ | ९९.० | १०१.४ | १०४.२ (थं) | १०२.० | ९८.६ (घा) |
| ३ | ९८.२ | ९८.६ | १०२.८ (थं) | १०३.८ | १००.४ | ९८.० (घा) |

शिखर आणि तळ यांतलं अंतर पहिल्या दिवशी ५ अंश, दुसऱ्या दिवशी ६.४, तिसऱ्या दिवशी ५.८. तळ दररोज ९८.६ च्या खाली पोहोचतो. चढताना हुडहुडी, उतरताना उशी भिजेपर्यंत घाम. असा तक्ता दिसला की कुठेतरी पू साठला आहे का, हा पहिला प्रश्न. या रुग्णात दुखण्याची जागा यकृताकडे बोट दाखवते, म्हणून सोनोग्राफीत यकृतातलं गळू शोधतात. छातीच्या पोकळीतला पू, मूत्रपिंडाभोवतीचा पू, पोटाच्या ऑपरेशननंतर आत साठलेला पू यांतही असाच झोका दिसतो. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन चार-पाच दिवस बरे गेले आणि मग झोके सुरू झाले, तर टाके वरून कितीही छान दिसोत, डॉक्टरांना सांगा.

आता याच तक्त्यातले सकाळचे दोन रकाने उघडे ठेवून बाकीचे झाका आणि वाचा. ९८.४, ९८.८, ९७.८, ९९.०, ९८.२, ९८.६. ताप जवळजवळ नाहीच! राउंड सकाळी असतो, त्यामुळे राउंडच्या वेळी हा माणूस उठून बसलेला, चहा पिणारा असतो. झुलता ताप हुकतो तो इथेच. "रात्री फार थंडी वाजली" असं रुग्ण म्हणाला आणि तक्त्यावर रात्रीची नोंद नसेल, तर तक्ता अपुरा आहे. रुग्ण खोटं बोलत नाही.

पू काढल्यावर किंवा औषध लागू पडल्यावर आधी शिखररेषा खाली येते आणि दरी मिटत जाते. नळी घातल्यावरही तीन-चार दिवस झोके तेवढेच राहिले तर नळी तुंबली आहे का, दुसरीकडे पू आहे का, हे बघावं लागतं.

मलेरियातही थंडी, ताप, घाम हाच क्रम असतो. तिथे झोका एक दिवसाआड येऊ शकतो, म्हणजे मधला दिवस कोरा जातो. पण आजाराच्या सुरुवातीला तो रोजही येतो, आणि फाल्सिपेरम मलेरियात कसलाच नियम पाळत नाही. म्हणून थंडी वाजून येणाऱ्या प्रत्येक तापात मलेरियाची रक्ततपासणी होतेच, तक्त्याच्या आकाराची वाट बघत नाहीत.

८. खोटा झोका कसा ओळखायचा

सर्वांत जास्त फसवतो तो गोळीने तयार झालेला झोका. १०३ वर टिकून राहिलेला ताप दिवसातून तीनदा पॅरासिटामॉल देऊन खाली आणला की कागदावर तीन दऱ्या दिसतात. इथे बाण कामाला येतात. प्रत्येक दरी बाणानंतर दोन-तीन तासांनीच येत असेल आणि ओसरल्यावर ताप पुन्हा आधीच्याच उंचीवर जात असेल, तर तो गोळीचा झोका. पुवाच्या तापात झोका बहुधा दिवसातून एकदा, कधी दोनदा येतो, आणि तळ गोळी दिलेली नसतानाही पहाटे आपोआप सापडतो. गोळ्यांचे बाण दाट असतील तर तक्त्याला नाव देऊच नका, "गोळ्यांवर आहे" एवढंच लिहा.

स्टेरॉइड चालू असलेल्यांत आणि वयस्कर माणसांत ताप दबलेला असतो. त्यांच्या तक्त्यावर १०० ची टेकडीसुद्धा गंभीर असू शकते.

डेंग्यूच्या दिवसांत आणखी एक लक्षात ठेवा. तिथे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि नेमका तोच काळ जोखमीचा असतो. तळरेषा ९८.६ ला टेकली तरी पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार हातपाय किंवा कमी झालेली लघवी असेल तर रुग्णाला घरी सोडायचं नाही आणि घरी ठेवायचंही नाही.

९. राउंडला आणि पाळी बदलताना काय सांगायचं

"ताप येतोय-जातोय" असं सांगू नका. शिखर, तळ, दिवस, नाडी, थंडी-घाम आणि बाण, या क्रमाने बोला. उदाहरणार्थ: "सर, तीन दिवस शिखर १०३.४ ते १०४.२, तळ रोज ९८.६ च्या खाली, चढताना थंडी, पहाटे घाम, रात्री गोळी दिलेली नाही." किंवा: "सर, घरच्या वहीप्रमाणे पाच दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही चढत गेलेत, आज १०३.८ ला नाडी ८६." नाव त्यांना देऊ द्या.

आठवड्याचा कागद संपला की नव्या कागदाच्या डाव्या कडेला जुन्या कागदावरचे शेवटच्या दोन दिवसांचे शिखर-तळ हिरव्या गोलांनी उतरवून घ्या आणि जुना कागद त्याच्या मागे टाचा. नाहीतर नव्या कागदावर पहिल्या दिवसापासून सुरुवात होते आणि रेषा वळली होती की नाही ते कोणाला कळत नाही.